अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावरून

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कंत्राटी स्टाफ नर्सची जाहिरात निघाली, की अर्जांची खरी गर्दी मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत होते. मोठ्या भरती आता ऑनलाइन झाल्या असल्या, तरी जिल्हा पातळीवरच्या कंत्राटी जागा, महापालिकांच्या तात्पुरत्या नेमणुका, अंगणवाडी मदतनिसांची पदे अशा कितीतरी ठिकाणी अजून कागदी अर्ज आणि पाकीट लागते. हे पाकीट साहेब फोडत नाहीत. ते आवक विभागातला लिपिक फोडतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो आणि पदानुसार गठ्ठे लावतो. पुढे छाननीला बसलेली माणसे एक मोठा तक्ता समोर ठेवतात. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, शिक्षण, टक्केवारी, नोंदणी, अनुभव, अधिवास अशी त्यात एकामागून एक रकाने असतात आणि शेवटचा रकाना असतो शेऱ्याचा : पात्र की अपात्र, आणि अपात्र तर का.

सरकारी अर्जाच्या मजकुराचे सगळे संकेत या तक्त्यापाशी येऊन थांबतात. विषय कशासाठी लिहायचा, शिक्षणाचा परिच्छेद कसा मांडायचा, ‘सोबत’ या शब्दाखाली काय यावे, हे सारे एकाच प्रश्नावरून ठरते : छाननी करणाऱ्याला रकाना भरायला लागणारी गोष्ट शोधावी लागते, की समोर दिसते? खासगी कंपनीला पाठवायच्या पत्रात आपण स्वतःविषयी चार चांगले शब्द लिहितो. इथे ‘मी कष्टाळू व प्रामाणिक असून’ या वाक्यासाठी रकानाच नाही. ते वाचलेही जात नाही.

उदाहरणादाखल एक उमेदवार घेऊ. तिने जी.एन.एम. केले आहे, ती विवाहित आहे, इतर मागास वर्गात मोडते. तिच्यासमोर जिल्हा परिषदेची जाहिरात आहे : क्रमांक ३/२०२५, दिनांक २ जून २०२५, अर्ज पोहोचण्याची अखेरची तारीख १६ जून, सायंकाळी पाच. (जाहिरातही कल्पित आणि उमेदवारही, पण अटी नेहमी भेटणाऱ्याच आहेत.) जाहिरातीला जोडलेला विहित नमुना तिने भरला. त्यावर जे एका पानाचे पत्र जाणार आहे, त्याची सुरुवात अशी :

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, …

विषय : स्टाफ नर्स (कंत्राटी) या पदासाठी इतर मागास वर्ग – महिला या प्रवर्गातून अर्ज सादर करणेबाबत.
संदर्भ : आपली जाहिरात क्र. ३/२०२५, दि. २ जून २०२५.

‘प्रति’खाली माणसाचे नाव नको, पदनाम हवे. अधिकारी बदलून जातात, पद तिथेच राहते. कोणते पदनाम लिहायचे ते जाहिरातीखाली सही करणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरवू नये. ‘अर्ज खालील पत्त्यावर पाठवावेत’ असे जिथे म्हटलेले असते, तिथला हुद्दा उतरवावा. दोन्ही पुष्कळदा वेगळे असतात. सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची असते आणि अर्ज मागवलेला असतो आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे. अर्ज दुसऱ्या कार्यालयाच्या आवक टेबलावर पडला, तर तो तिथून इकडे येईपर्यंत मुदत टळते.

आता विषयाची ओळ. ‘नोकरी मिळणेबाबत’ हा विषय आजही सर्रास लिहिला जातो. तो लिहिणाऱ्याच्या मनातले अगदी खरे आहे, पण आवक टेबलाच्या दृष्टीने तो भरतीचा अर्ज ठरत नाही, विनंती अर्ज ठरतो. जाहिरातीशिवायही लोक वर्षभर असे विनंती अर्ज देत असतात आणि ते आस्थापनेच्या वेगळ्या फायलीत जातात. म्हणून विषयात तीन गोष्टी बसायला हव्यात : पद, पदाचे स्वरूप आणि प्रवर्ग. पदाचे नाव जाहिरातीत जसे छापले आहे तसेच्या तसे घ्यावे. जाहिरातीत ‘स्टाफ नर्स’ असेल तर आपण ‘अधिपरिचारिका’ लिहून मराठीचे प्रेम दाखवायची ही जागा नव्हे. एकाच जाहिरातीत एएनएम, एलएचव्ही आणि स्टाफ नर्स अशी तीन पदे असतील आणि विषयात नुसते ‘नर्स’ असेल, तर गठ्ठा लावणाऱ्याने कोणता लावायचा?

प्रवर्ग लिहिताना थोडे थांबावे. जागांच्या तक्त्यात आधी सामाजिक आरक्षण असते आणि त्याच्या पोटात महिला, खेळाडू, माजी सैनिक, दिव्यांग अशी समांतर आरक्षणे येतात. उमेदवाराने दोन्ही सांगायला हवीत. आपल्या प्रवर्गाची जागाच नसेल आणि खुल्या जागेवर अर्ज करायचा असेल, तर ‘खुल्या प्रवर्गातून’ असे स्पष्ट लिहावे. नाहीतर नमुन्यात एक, विषयात दुसरे आणि पाकिटावर तिसरे अशी गत होते. पाकिटावरही वरच्या बाजूला पद आणि प्रवर्ग लिहिण्याची पद्धत आहे, आणि पुष्कळ जाहिरातींत तशी अटच असते.

संदर्भाची ओळ छोटी दिसते, पण त्याच कार्यालयाच्या दोन-तीन जाहिराती एका वेळी चालू असतात तेव्हा तीच अर्जाला वाट दाखवते. जाहिरातीला मागाहून शुद्धिपत्रक निघून मुदत वाढली असेल, तर त्याचाही क्रमांक आणि तारीख इथे यावी. ते शुद्धिपत्रक न पाहिलेल्या एखाद्याने आपला अर्ज उशिरा आला असे समजू नये, एवढाच त्यामागचा हेतू. एका अर्जात दोन पदे मात्र कधीच घालू नयेत. दोन पदांना दोन अर्ज, दोन पाकिटे, आणि शुल्क असेल तर दोन धनाकर्ष.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते शिक्षणाच्या परिच्छेदापाशी. बहुतेक उमेदवार इथे लिहितात : ‘मी जी.एन.एम. उत्तीर्ण असून मला पाच वर्षांचा अनुभव आहे.’ वाक्य खरे असते, पण त्यातून तक्त्यातला एकही रकाना पुरता भरत नाही. कुठल्या मंडळातून? निकाल कधी लागला? किती गुण? परिषदेची नोंदणी आजही चालू आहे का? पाच वर्षे कुठपासून कुठपर्यंत? आपल्या उमेदवाराने तेच असे लिहिले :

‘उपरोक्त विषयान्वये सादर करते की, मी जी.एन.एम. पदविका महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडून उत्तीर्ण केली असून निकालाचा दिनांक १४ नोव्हेंबर २०१९ आहे. तिन्ही वर्षांचे एकूण गुण २१०० पैकी १४२८ (६८.०० टक्के) आणि अंतिम वर्षाचे गुण गुणपत्रकानुसार सोबतच्या नमुन्यात नमूद केले आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी दि. २२ जानेवारी २०२० रोजी झाली असून नूतनीकरण दि. २१ जानेवारी २०३० पर्यंत वैध आहे. जाहिरातीतील शैक्षणिक अर्हता मी अर्जाच्या अखेरच्या दिनांकापूर्वी धारण केलेली आहे.’

यातला शेवटचा वाक्यांश शोभेचा नाही. उमेदवाराची पात्रता कोणत्या दिवशी मोजायची यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जाहिरातीत अर्ज स्वीकारण्याची जी अखेरची तारीख असते, त्या दिवशी पात्रता असली पाहिजे. मुलाखतीच्या दिवशी ती पूर्ण झाली, हे पुरत नाही. जाहिरातीतच दुसरी तारीख दिली असेल तर ती धरायची. म्हणून परीक्षा मे महिन्यात दिली आणि निकाल जुलैत लागला, तर जूनच्या जाहिरातीसाठी उमेदवार पात्र नाही. गुणपत्रकावर ठळक छापलेला परीक्षेचा महिना पाहून लोक फसतात. पाहायची असते ती निकाल जाहीर झाल्याची तारीख, आणि ती बहुधा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते.

गुणांचीही अशीच एक मेख आहे. कंत्राटी पदांच्या बऱ्याच निवडी लेखी परीक्षेशिवाय, पदविकेचे गुण, जादा शिक्षण आणि अनुभव यांना गुण देऊन होतात. त्यात काही जाहिराती तिन्ही वर्षांची सरासरी धरतात, काही फक्त अंतिम वर्ष. दोन्ही आकडे दिले की छाननी करणाऱ्याला गुणपत्रके घेऊन गणकयंत्र काढावे लागत नाही. गुणांऐवजी श्रेणी असेल, तर विद्यापीठाचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र जोडावे. स्वतःच्या मनाने गुणाकार करून लिहिलेली टक्केवारी धरली जात नाही. ६७.९६चे ६८ करणेही टाळावे, कारण गुणवत्ता यादीत दोन दशांश स्थळांवर क्रमांक खालीवर होतात आणि अर्जातला आकडा गुणपत्रकाशी जुळला नाही, की बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो.

अनुभवाच्या हिशेबात तर भलेभले अडखळतात. आपल्या उमेदवाराने एका खासगी रुग्णालयात १ डिसेंबर २०१९ ते ३१ मार्च २०२२ काम केले आणि मग ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर १ जून २०२२ ते ३१ मे २०२५. दाखल्यांवरून बेरीज केली तर पहिला कालावधी दोन वर्षे चार महिने, दुसरा पूर्ण तीन वर्षे : एकूण पाच वर्षे चार महिने. पण परिषदेकडची नोंदणी २२ जानेवारी २०२०ची आहे आणि जाहिरात म्हणते, ‘नोंदणीनंतरचा अनुभव ग्राह्य धरण्यात येईल.’ म्हणजे पहिले सात-आठ आठवडे गेले. उरतात दोन वर्षे, दोन महिने, दहा दिवस. तीन वर्षे मिळवून पाच वर्षे दोन महिने दहा दिवस. तिने पत्रात हाच आकडा लिहिला आणि पुढे ‘नोंदणीच्या दिनांकापासून’ असे जोडले. पाच वर्षे चार महिने लिहिले असते तरी तिचे फार बिघडले नसते, कारण कार्यालयाने स्वतः हिशेब केलाच असता. पण जिथे पाच वर्षांची किमान अट असते आणि असेच दोन महिने वजा झाल्यावर उमेदवार चार वर्षे अकरा महिन्यांवर येतो, तिथे अपात्र हा शेरा बसतो. आपण कुठे उभे आहोत, हे अर्ज करण्याआधी कळलेले बरे.

अनुभवाचा दाखला कसा असावा, हे लिहून देणाऱ्या रुग्णालयाला पुष्कळदा ठाऊक नसते. ‘यांनी आमच्याकडे काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती’ असा दाखला छाननीत टिकत नाही. पद, पूर्णवेळ की अंशकालीन, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सही, शिक्का, आणि वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक व दिनांक एवढे हवेच. ‘आजतागायत कार्यरत’ असा दाखला असेल, तर अनुभव दाखल्यावरच्या तारखेपर्यंतच मोजला जातो. वर्षभरापूर्वीचा तसा दाखला जोडला, की वर्ष वाया गेले म्हणून समजा.

नावाची ओळ विवाहित उमेदवारांनी विसरू नये. पदविका माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, परिषदेची नोंदणी एकावर आणि नूतनीकरण दुसऱ्यावर, असा प्रकार नेहमीचाच आहे. छाननीला बसलेल्याला ही दोन माणसे आहेत की एक, ते समजायला मार्ग नसतो. ‘विवाहापूर्वीचे नाव … असून विवाह नोंदणी प्रमाणपत्र सहपत्र क्र. १२ येथे जोडले आहे’ एवढे एक वाक्य पुरते. राजपत्रात नाव बदलून घेतले असेल, तर ते पान जोडावे.

सध्या सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक रीत आहे. त्यांनी अर्ज ‘मार्फत’ करायचा, म्हणजे ‘प्रति’च्या खाली आपल्या कार्यालयप्रमुखाचे पदनाम लिहून त्यांच्याच हातून. तो मार्ग लांबचा असल्याने एक आगाऊ प्रत थेट पाठवतात आणि तिच्यावर तसे लिहितात. ना हरकत प्रमाणपत्र मागून येते.

आता पत्राचा शेवट. ‘आपली विश्वासू’, सही, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, आणि त्याखाली डाव्या बाजूला ‘सोबत’. ‘सोबत : वरीलप्रमाणे कागदपत्रे’ असे लिहून पुष्कळ जण सुटका करून घेतात. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सर्वांत कामाची जागा तीच आहे, आणि ती अशी भरायला हवी :

सोबत :
१. विहित नमुन्यातील अर्ज – पृ. १ ते ३
२. धनाकर्ष (मूळ) – पृ. ४
३. जन्मतारखेचा पुरावा : शाळा सोडल्याचा दाखला – पृ. ५
४. जी.एन.एम. तिन्ही वर्षांची गुणपत्रके – पृ. ६ ते ८
५. पदविका प्रमाणपत्र – पृ. ९
६. परिषद नोंदणी व नूतनीकरण – पृ. १० व ११
७. अनुभव प्रमाणपत्रे (दोन) – पृ. १२ व १३
८. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र – पृ. १४
९. जात प्रमाणपत्र – पृ. १५
१०. जात वैधता प्रमाणपत्र – पृ. १६
११. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र (३१ मार्च २०२६ पर्यंत वैध) – पृ. १७
१२. विवाह नोंदणी प्रमाणपत्र – पृ. १८
१३. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन, नमुना अ – पृ. १९
एकूण सहपत्रे १३, एकूण पृष्ठे १९.

क्रम जाहिरातीत दिला असेल तर तोच ठेवायचा. दिला नसेल तर अर्जाच्या नमुन्यातल्या प्रश्नांचा क्रम धरावा. कागद त्याच क्रमाने लावून प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक घालावा. एकूण पाने लिहिण्याचा फायदा असा, की टाचणी सुटून एखादे पान गळाले तर ते गळाल्याचे कळते. मूळ कागद धनाकर्षाखेरीज एकही जोडू नये. धनाकर्षाच्या मागे नाव आणि पद पेन्सिलीने लिहून ठेवावे.

बाकी पानांच्या छायाप्रती. पूर्वी त्या साक्षांकित करायला राजपत्रित अधिकाऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागे. २०१५पासून महाराष्ट्र शासनाने त्याऐवजी स्वयंसाक्षांकन मान्य केले, म्हणजे ‘मूळ प्रतीशी जुळते’ अशा अर्थाची उमेदवाराची स्वतःची सही चालते. मात्र ती प्रत्येक पानावर हवी आणि अर्जावरच्या सहीसारखीच हवी. खोटी प्रत जोडली तर जबाबदारी आता सर्वस्वी सही करणाऱ्याची.

या यादीतले दोन कागद मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र जातीच्या दाखल्यासारखे कायमचे नसते. त्याची मुदत आर्थिक वर्षाशी, म्हणजे ३१ मार्चशी बांधलेली असते. मार्चमध्ये वैध असलेले प्रमाणपत्र जूनच्या जाहिरातीला बाद ठरू शकते, आणि सेतू केंद्रात नवे मिळेपर्यंत मुदत संपते. म्हणून यादीत त्याच्यापुढे वैधतेची तारीख लिहिलेली बरी. ती लिहिताना आपलेही लक्ष जाते. दुसरा कागद लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचा. २००५च्या नियमांनुसार, २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर राज्य शासनाच्या सेवेत नेमणूक मिळत नाही. कंत्राटी जागांच्या जाहिरातीही हे प्रतिज्ञापन बहुधा मागतात. अविवाहित उमेदवार ‘मला कशाला?’ म्हणून तो सोडून देतात. मागितला असेल तर अपत्यांची संख्या शून्य लिहून तोही द्यायचा असतो.

पत्राची आणि यादीची एक जादा प्रत घेऊन कार्यालयात स्वतः गेलात, तर त्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. ही पोच. टपालाने पाठवलेत तर टपालाची पावती जपावी. पण अर्ज अखेरच्या तारखेला कार्यालयात पोहोचलेला हवा, त्या दिवशी टपालात टाकलेला नव्हे, आणि टपालाच्या विलंबाला कार्यालय जबाबदार नाही, हे जाहिरातीत जवळजवळ नेहमीच छापलेले असते.

छाननी झाली की पात्र-अपात्र यादी लागते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. समजा, आपल्या उमेदवाराच्या नावापुढे शेरा आला : ‘नॉन क्रिमीलेअर नाही.’ या टप्प्यावर नवे कागद सहसा घेत नाहीत, आधी दिलेला कागद दाखवता आला तरच शेरा बदलतो. अशा वेळी तिचे दुसरे पत्र चार ओळींचे होईल. विषयात ‘पात्र-अपात्र यादीतील अ.क्र. … बाबत हरकत’, संदर्भात जाहिरात आणि यादी या दोन्हींचे दिनांक, मजकुरात ‘सदर प्रमाणपत्र मूळ अर्जासोबत सहपत्र क्र. ११, पृष्ठ १७ येथे सादर केले असून अर्जाचा आवक क्रमांक … आहे’, आणि ‘सोबत’खाली शिक्का असलेल्या त्या यादीची छायाप्रत.